जांगड माल ३१ मार्चला कोणाचा?

मुंबईच्या झवेरी बाजारातला घाऊक व्यापारी गावोगावच्या सराफांना दागिने जांगडवर देतो. माल ठेवा, पसंत पडला किंवा खपला तर पैसे द्या, नाहीतर परत पाठवा, असा हा व्यवहार. दागिना पेढीवरून निघतो, सराफाच्या काचेमागे जाऊन बसतो, पण तेवढ्याने विकला जात नाही. हिशेबातली बहुतेक गडबड इथेच होते, कारण माल बाहेर पडला की विक्री झाली असं धरायची सवय हाताला लागलेली असते.

एक उदाहरण घेऊ. व्यापाऱ्याने २० फेब्रुवारीला सांगलीच्या एका सराफाला दहा हार जांगडवर पाठवले. एका हाराचा खर्च ८० हजार, विक्रीची किंमत १ लाख. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. हार परत करायचे असतील तर ६ एप्रिलपर्यंत कळवावं, असं ठरलं. मुनीमजींनी त्याच दिवशी १० लाखांची विक्री लिहिली आणि सराफाच्या नावे तेवढंच येणं दाखवलं. मार्चमध्ये सराफाने चार हार पसंत असल्याचं लेखी कळवलं. पाचवा हार त्याने परस्पर गिऱ्हाइकाला विकला. उरलेले पाच ३१ मार्चला त्याच्या दुकानातच होते.

मालविक्री कायदा, १९३० चं कलम २४ नेमकं अशाच मालासाठी आहे. वेगळं काही ठरलं नसेल, तर मालकी तीन वाटांनी बदलते. घेणाऱ्याने पसंती कळवली, तो माल आपलाच समजून काही कृती केली, किंवा नकार न कळवता ठरलेली मुदत उलटू दिली, की माल त्याचा झाला. मुदतच ठरली नसेल तर वाजवी काळ धरतात. विक्रीचं उत्पन्न कधी धरायचं, हे सांगणारं हिशेबाचं मानक ‘एएस ९’ही याच कसोट्या लावतं.

आता हार मोजू. चार पसंतीमुळे गेले. पाचवा विकणं म्हणजे तो आपलाच मानणं, म्हणून तोही गेला. उरलेल्या पाचांबद्दल होकार नाही, नकार नाही, आणि मुदतही संपलेली नाही. ते सांगलीत असले तरी व्यापाऱ्याचेच. म्हणून वर्षाची विक्री ५ लाख. जास्तीची ५ लाखांची विक्री आणि तेवढंच येणं काढून टाकायचं, आणि पाच हार अखेरच्या शिलकेत खर्चाच्या भावाने, म्हणजे ४ लाखांना घ्यायचे. ते विक्रीच्या भावाने घेतले तर मागच्या दाराने तोच नफा परत आत येतो. बाजारभाव खर्चाच्याही खाली गेला असेल तर मात्र तो कमी भाव धरावा लागतो. मुनीमजींच्या वहीत २ लाख नफा दिसत होता. खरा नफा १ लाखच.

पुढे ४ एप्रिलला सराफाने दोन हार परत केले आणि तिघांबद्दल काहीच कळवलं नाही. मुदत संपली तशी त्या तिघांची विक्री झाली, पण ती नव्या वर्षाची.

हिशेब तपासणारा ही चूक चटकन पकडतो. मार्चअखेरीला विक्री एकदम फुगलेली आणि एप्रिलच्या सुरुवातीला परतीची रांग, हे दिसलं की तो जांगडची चलनं मागवतो. ३१ मार्चला माझ्याकडे तुमचे अमुक नग जांगडवर आहेत, असं सराफाचं सहीचं पत्र आधीच आणून ठेवलं तर वाद उरत नाही. माल आपला असेतोवर जोखीमही साधारणपणे आपलीच राहते, म्हणून विम्यात दुसऱ्याच्या दुकानातला माल धरलेला आहे का, हेही पाहावं.

सगळ्यात मोठा धोका सराफ माल गहाण टाकतो तेव्हा असतो. इंग्लंडमध्ये १८९७ साली कर्कहॅम नावाच्या जवाहिऱ्याचं असंच झालं. त्याच्याकडून असा माल नेणाऱ्याने तो सावकाराकडे गहाण ठेवला. गहाण ठेवणं हीच मालकाची कृती, म्हणून मालकी बदलली, असं न्यायालयाने ठरवलं. कर्कहॅमला दागिने सावकाराकडून परत मिळाले नाहीत. १९०६ च्या वायनर खटल्यात मात्र, हिशेब पुरा होईपर्यंत माल माझाच, अशी अट कागदावर होती. तिथे मूळ मालक जिंकला. चलनावरच्या त्या एका ओळीची किंमत एवढी आहे, आणि तरी ती बहुतेक चलनांवर नसते, याचं मला वाईट वाटतं.

जीएसटीचं घड्याळ वेगळं चालतं. माल निघताना डिलिव्हरी चलन पुरतं. विक्री ठरली की बिल करायचं. पण काहीच ठरलं नाही तरी माल निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत बिल करावंच लागतं. सांगलीच्या हारांना मुदतच घातली नसती, तर ही सीमा २० ऑगस्टला आली असती.