आई-मुलाचा प्रवास, बाबांचं पत्र

समजा, उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकची एक आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन टोरांटोला बहिणीकडे निघाली आहे. वडिलांना रजा नाही. पासपोर्टच्या अर्जावर दोघांनी सह्या केल्या होत्या, मग आणखी कागद कशाला, असं घरात कुणीतरी म्हणतंच. पण ती संमती पासपोर्टपुरती होती. या प्रवासाला वडिलांचा होकार आहे, हे त्यावरून कळत नाही.

आई किंवा वडिलांपैकी एकानेच मूल परदेशी न्यायचं आणि परत आणायचंच नाही, असे प्रकार घडतात. अशी मुलं परत पाठवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. कॅनडा त्यात आहे, भारत नाही. म्हणूनच तिथला अधिकारी विमानतळावर विचारू शकतो, ‘मुलाचे वडील कुठे आहेत? त्यांना ठाऊक आहे का?’

मूल १८ वर्षांखालचं असेल तर जन्मदाखल्याची प्रत, सोबत न येणाऱ्या पालकाचं सही केलेलं पत्र आणि त्याच्या पासपोर्टची किंवा ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा, असं कॅनडा सांगतो. पत्र शक्यतो इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असावं.

‘माझी हरकत नाही’ एवढ्या एका ओळीने भागत नाही. पत्राचा मसुदा साधारण असा असावा: ‘माझा मुलगा, पासपोर्ट क्रमांक अमुक, त्याच्या आईसोबत १० मे ते ८ जून टोरांटोला जात आहे. मुक्काम मावशीच्या घरी, पत्ता तमुक. या प्रवासाला माझी संमती आहे.’ खाली वडिलांचा पत्ता, फोन, तारीख आणि सही. परतीची तारीख विसरू नका. मूल कधी परतणार, हे तिच्यावरूनच कळतं.

नोटरी करून घेतलेली बरी. त्यासाठी वडिलांनी स्वतः नोटरीसमोर जाऊन सही करायची. घरून सही करून कागद पाठवायचा नाही.

आपल्याकडे अडतं ते नावांपाशी. आईने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर मायलेकांची आडनावं जुळत नाहीत. तेव्हा जन्मदाखलाच नातं सिद्ध करतो. त्यातली स्पेलिंगं पासपोर्टशी आधीच ताडून पाहा.

वडिलांचा फोनही चालू हवा. उन्हाळ्यात टोरांटोत दुपारचे चार वाजतात, तेव्हा नाशिकला रात्रीचा दीड झालेला असतो आणि खातरजमेचा फोन नेमका त्याच वेळी येऊ शकतो.

वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर ताब्याविषयीचा कोर्टाचा आदेश सोबत न्यावा. कोर्टात वाद चालू असेल तर आधी वकिलाला विचारा. कोर्टाने मुलाला बाहेर न्यायला मनाई केली असेल, तर हे पत्र ती उठवू शकत नाही. आणि तिकिटाची तारीख बदलली, तर पत्रही नवं करून घ्या.