‘भावा, फक्त एक सही कर ना!’ : कागद माहीत नसताना साक्षीदार व्हायचं का? नाही कसं म्हणायचं?

सकाळी अकराची वेळ. फोन वाजतो. “भावा, कुठंयस? आधार कार्ड घेऊन रजिस्टर ऑफिसला ये. पाच मिनिटांचं काम आहे, फक्त साक्षीदार म्हणून सही करायचीय.”

फोन करणारा ओळखीचा असतो. क्रिकेट टीममधला, सोसायटीतला नाहीतर ऑफिसातला. कागद कसला आहे हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. विचारलं तर ‘विश्वास नाही का?’ असं ऐकावं लागेल अशी भीती असते.

पण त्या सहीचा अर्थ काय होतो? उद्या भांडण झालं तर साक्षीदाराला काय भोगावं लागतं? आणि नाही म्हणायचं तर कसं? एक उदाहरण घेऊन समजून घेऊया.

नेमकं प्रकरण काय?

समजा, मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणाला टीममधल्या मित्राचा असा फोन येतो. तो दुय्यम निबंधक कार्यालयात पोहोचतो, तेव्हा मित्र, मित्राची सत्तरीची आत्या आणि एक एजंट बाहेरच्या झाडाखाली उभे असतात. आत्या आपलं राहतं घर भाच्याच्या नावावर करून देतेय, म्हणजे बक्षीसपत्र होतंय. आत्याला एक मुलगी आहे. ती दुसऱ्या शहरात असते आणि आज इथे आलेली नाही.

एजंट दस्ताची शेवटची पानं पुढे करतो आणि म्हणतो, “इथं आणि इथं सही करा.” आत्याची सही किंवा अंगठा आधीच झालेला आहे. तो कधी झाला, कुणासमोर झाला, हे दुकानदाराने पाहिलेलं नाही. आत्याला तो आयुष्यात पहिल्यांदाच भेटतोय.

या एका सहीत दोन वेगळ्या गोष्टी असतात

‘साक्षीदाराची सही’ असं आपण सरसकट म्हणतो. पण नोंदणी होणाऱ्या दस्तात साक्षीदाराची दोन वेगळी कामं असतात आणि बऱ्याचदा ती एकाच माणसाकडून करून घेतली जातात.

पहिलं काम दस्तावरच्या साक्षीचं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 3 मध्ये याचा अर्थ दिलाय. दस्त करून देणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना साक्षीदाराने पाहिलेलं असलं पाहिजे, किंवा ‘ही सही माझीच आहे’ असं त्या माणसाने साक्षीदाराला स्वतः सांगितलेलं असलं पाहिजे. आणि मग साक्षीदाराने त्या माणसाच्या समोर सही केली पाहिजे. स्थावर मालमत्तेच्या बक्षीसपत्राला असे किमान दोन साक्षीदार लागतात, हे याच कायद्याच्या कलम 123 मध्ये आहे. मृत्युपत्रालाही किमान दोन लागतात.

दुसरं काम ओळख पटवण्याचं. महाराष्ट्रात दस्त नोंदवताना जो गोषवारा तयार होतो, त्यात ओळख देणाऱ्यांचं नाव, वय, पत्ता, फोटो आणि अंगठ्याचा ठसा येतो. त्यावर छापलेलं असतं की हे इसम दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात आणि त्यांची ओळख पटवितात.

‘व्यक्तिशः ओळखतात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपला दुकानदार मित्राला ओळखतो. पण दस्त करून देणारी आत्या आहे आणि तिला तो ओळखत नाही. म्हणजे तिथे सही केली की पहिल्याच ओळीत खोटं विधान होतं.

नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 82 नुसार, नोंदणी अधिकाऱ्यासमोर जाणूनबुजून खोटं विधान करणं हा गुन्हा आहे. त्याला 7 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. समोरची बाई खरी आत्या नसून तिच्या नावाने उभी केलेली दुसरीच कुणी असेल, तर पोलीस सगळ्यात आधी ज्यांना शोधतील त्यांत ओळख देणारे असतात. त्यांचा फोटो, पत्ता आणि ठसा तर रेकॉर्डवरच असतो.

साक्षीदार म्हणजे मजकुराची हमी देणारा का?

नाही. इथे बरेच लोक उगाच घाबरतात. साक्षीदार सहीचा साक्षीदार असतो, व्यवहाराचा नाही. घराची किंमत बरोबर आहे का, त्यावर कर्ज आहे का, आत्याने घर भाच्यालाच का दिलं, या कशाचीही जबाबदारी साक्षीदारावर येत नाही. नुसत्या साक्षीमुळे त्या माणसाला दस्तातला सगळा मजकूर माहीत होता असं धरता येत नाही, हे भारतीय न्यायालयांनी फार पूर्वीपासून मान्य केलंय.

पण दोन ठिकाणी जपायला हवं. एक, त्याच मालमत्तेत तुमचा स्वतःचा हक्क असेल. उदाहरणार्थ, भावाने वडिलोपार्जित जमीन विकली आणि तुम्ही साक्षीदार म्हणून सही केली. मजकूर तुम्हाला माहीत होता असं पुढे सिद्ध झालं, तर ‘या विक्रीला तुमची मूक संमती होती’ असा युक्तिवाद तुमच्याविरुद्ध होऊ शकतो.

दोन, सहीच्या वर काय छापलंय. ‘साक्षीदार’ऐवजी तिथे ‘जामीनदार’ किंवा ‘मान्यता देणार’ असेल तर सगळा खेळच बदलतो. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मित्राने हप्ते थकवले तर बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते. म्हणून पान दुमडून फक्त सहीची जागा पुढे केली जात असेल, तर तिथेच थांबायचं.

दोन वर्षांनी काय होतं?

आता आपल्या गोष्टीत पुढे जाऊया. दुकानदाराने सही केली आणि विसरून गेला. दोन वर्षांनी आत्या वारली. मुलीला कळलं की घर मामेभावाच्या नावावर आहे. तिने दावा लावला : आई तेव्हा आजारी होती, तिने असं काही करून दिलेलंच नाही.

नोंदणी झालेल्या बक्षीसपत्राबाबत, दस्त करून दिल्याचाच असा स्पष्ट इन्कार झाला, की तो सिद्ध करण्यासाठी साक्षीदार हयात असेल तर किमान एकाला कोर्टात उभं करावं लागतं. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 67 मध्ये हे आहे. मृत्युपत्राच्या बाबतीत तर नोंदणी झालेली असली तरी साक्षीदार लागतोच. म्हणजे ‘पाच मिनिटांच्या कामा’साठी दुकानदाराला समन्स येतं. ते टाळता येत नाही. कारण नसताना गैरहजर राहिलं तर कोर्ट वॉरंटही काढू शकतं.

पिंजऱ्यात त्याला साधेच प्रश्न विचारले जातात. बाईंना तुम्ही किती वर्षं ओळखत होता? त्यांनी सही तुमच्या समोर केली का? कुठे बसून केली? तेव्हा त्यांची तब्येत कशी होती? दस्त त्यांना कुणी वाचून दाखवला?

आता त्याच्यापुढे दोनच रस्ते आहेत. ‘हो, माझ्यासमोरच सही केली’ असं खोटं सांगायचं, तर शपथेवर खोटी साक्ष दिल्याचा गुन्हा होतो आणि त्यालाही 7 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. किंवा खरं सांगायचं : ‘मी काहीच पाहिलं नाही, मित्राने सांगितलं म्हणून सही केली.’ तसं सांगितलं तर एक साक्षीदार गळाला. दुसराही एजंटने असाच उभा केलेला असेल, तर बक्षीसपत्रच अडचणीत येतं.

आत्याने घर भाच्याला अगदी मनापासून दिलेलं असेल, तरीही हेच होईल. म्हणजे आंधळी सही जितकी साक्षीदाराला अडकवते, तितकीच ती ज्याच्यासाठी केली त्यालाही बुडवते. नाही म्हणताना हाच मुद्दा सगळ्यात कामाला येतो.

सहीआधी काय पाहायचं?

संपूर्ण दस्त वाचून त्यातला कायदा समजून घ्यायची गरज नाही. चार गोष्टी पुरतात :

- कागद कसला आहे आणि माझ्या सहीच्या वर काय लिहिलंय?
- दस्त करून देणारी व्यक्ती कोण? तिला मी स्वतः ओळखतो का?
- ती माझ्यासमोर सही करतेय का? आधीच केली असेल, तर ‘ही माझीच सही आहे’ असं ती मला स्वतः सांगतेय का?
- तिला आपण काय करतोय हे कळतंय का? ‘आत्या, हा कागद कसला आहे?’ असं विचारलं की उत्तरातून बरंच कळतं. तिच्याऐवजी दरवेळी दुसराच कुणी उत्तर देत असेल, तर ती धोक्याची खूण आहे.

कोरे कागद, मागची तारीख टाकलेले कागद आणि रिकाम्या जागा सोडलेले कागद यांवर कुणाच्याही सांगण्यावरून सही करायची नाही.

मग नाही कसं म्हणायचं?

सगळ्यात सोपं म्हणजे फोनवरच विचारणं. “येतो ना. पण कागद कसला आहे आणि लिहून देणार कोण आहे? आधी व्हॉट्सॲपवर पाठव.” एवढ्यावरच निम्मी प्रकरणं मिटतात. ज्याचं काम सरळ आहे तो पाठवतो.

ऑफिसात पोहोचल्यावर नाही म्हणायची वेळ आली, तर मित्रावर संशय घ्यायचा नाही, स्वतःला काय माहीत नाही ते सांगायचं. “भावा, तुला मी ओळखतो, आत्यांना ओळखत नाही. इथं लिहिलंय की व्यक्तिशः ओळखतो. उद्या कोर्टात मला विचारलं तर मी खरं तेच सांगणार, आणि त्याने तुझंच काम बिघडेल. आत्यांच्या शेजारचं कुणी बोलाव.”

वयाने मोठ्या माणसाला सांगायचं असेल तर, “काका, तुम्ही सांगितलं आणि मी आलोही. पण मी काही पाहिलेलं नाही, माझी साक्ष तुमच्या उपयोगाची नाही. त्यांना रोज भेटणारा माणूस घेतलात तर तुमचा कागद पक्का होईल.”

‘घाई आहे, टोकन लागलंय’ असं उत्तर येईल. पण टोकन दुसऱ्या दिवशीही मिळतं. आणि आपल्या उदाहरणात तर मार्ग तिथेच आहे. आत्याला रोज दूध देणारा, तिची शेजारीण, तिचे डॉक्टर हे तिला खरोखर ओळखतात. त्यांच्यासमोर तिने सही केली, तर दोन वर्षांनी मुलीच्या वकिलाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे खरं उत्तर असेल.

आणि सही आधीच करून बसलो असू तर?

नोंदणी झालेल्या दस्तावरची सही नंतर ‘मागे घेता’ येत नाही. पण त्या दिवशीची तारीख, कोण कोण होतं, काय पाहिलं आणि काय नाही, हे आठवतंय तोवर लिहून ठेवा. दस्ताच्या पहिल्या पानाचा आणि सहीच्या पानाचा फोटो मागून घ्या. समन्स आलं तर ज्याच्यासाठी सही केली त्याच्या वकिलाने पढवलेलं बोलण्याऐवजी, जेवढं पाहिलं तेवढंच सांगा. ‘मी पाहिलं नाही’ हेही खरं उत्तरच आहे. फक्त ते पिंजऱ्यात उभं राहून सांगण्यापेक्षा सही करायच्या आधी सांगितलं असतं, तर आत्याचा कागदही टिकला असता आणि मैत्रीही.