६० ग्रे, पण कसे दिले?

तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं की पुष्कळ रुग्णांना रेडिएशन घ्यावं लागतं. रुग्णांच्या भाषेत 'शेक'. शेक संपल्यावर फाईलमध्ये एक कागद लागतो: उपचारांचा सारांश. पुढे कोणी विचारलं तर घरचे लोक 'तीस शेक झाले' एवढंच सांगतात. डॉक्टरला मात्र तेवढ्यावरून काही ठरवता येत नाही.

किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एका वेळी किती ग्रे दिले, यावर परिणाम फार अवलंबून असतो. स्तनाच्या कर्करोगात आज १५ शेकांत ४० ग्रे देण्याची पद्धत रूढ आहे, म्हणजे रोज सुमारे २.६७ ग्रे. पूर्वी २५ शेकांत ५० ग्रे देत, रोज २. आकड्यांत दहाचा फरक असला तरी परिणाम जवळपास सारखाच. म्हणून सारांशात नुसती बेरीज चालत नाही. रोजची मात्रा, शेकांची संख्या आणि कोणत्या भागाला दिलं, हे तिन्ही लागतं.

ही माहिती येते रोजच्या ट्रीटमेंट शीटवरून. दर शेकाला एक ओळ: तारीख, कितवा शेक, आजची मात्रा, आजवरची बेरीज आणि टेक्नॉलॉजिस्टची सही.

एक उदाहरण घेऊ. गालाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाला रोज २ ग्रेप्रमाणे ३० शेक, एकूण ६० ग्रे ठरले. सोमवारी ४ ऑगस्टला सुरुवात. शनिवार-रविवार सुट्टी धरली तर शेवटचा शेक १२ सप्टेंबरला यायला हवा. पण १५ ऑगस्टला विभाग बंद, २७ला गणेश चतुर्थी आणि ३ सप्टेंबरला मशीन बिघडलेलं. तीन शेक बुडाले. त्यांतले दोन ३० ऑगस्ट आणि १३ सप्टेंबर या शनिवारी भरून काढले, उरलेला सोमवारी १५ सप्टेंबरला दिला. ४० दिवसांचा उपचार ४३ दिवसांत पूर्ण झाला.

सारांश लिहिणारा चुकतो तो इथेच. समोर सुरुवातीची योजना असते, त्यात ६० ग्रे आणि १२ सप्टेंबर लिहिलेलं असतं. तेच उतरवलं की काम झालं! पण सारांशात ठरलेलं नव्हे, प्रत्यक्ष दिलेलं लिहायचं असतं. दुसरी चूक ओळी मोजण्याची. याच रुग्णाच्या शीटवर ओळी ३१ आहेत. २१ ऑगस्टला किरण मध्येच थांबले, उरलेली मात्रा संध्याकाळी दिली. ओळी दोन, शेक एकच. ओळी मोजून दोनने गुणलं तर ६२ येतील, बेरजेचा रकाना मात्र ६०च दाखवतो. दोन्ही जुळत नसतील तर कारण सापडेपर्यंत सही करायची नाही.

तीन दिवसांचा एवढा हिशेब कशाला? डोकं-मानेच्या या कर्करोगात उपचार सुरू होऊन काही आठवडे लोटले की वाचलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात. उपचार लांबला तर दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा थोडी अधिक घटते, असं मानलं जातं. म्हणून तर शनिवारी बोलावतात. सारांशात पहिली-शेवटची तारीख, खंड आणि त्याचं कारण, सगळं हवं.

दुष्परिणामांची नोंद आठवड्याच्या तपासणीत होते. आपल्या रुग्णाला तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं, पाचव्यात घन पदार्थ गिळेनात, वजन ५८ किलोवरून ५३वर आलं, गालाची कातडी काळवंडून सोलवटली. 'उपचार नीट सोसले' या एका वाक्यात हे गुंडाळलं की माहितीच हरवते. प्रत्येक त्रासाची सर्वांत वाईट श्रेणी, ती कधी आली आणि शेवटच्या दिवशी काय स्थिती होती, ते लिहावं. तरीही एक मर्यादा उरते. तोंड आणि कातडीचा त्रास शेक संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकतो. शेवटच्या दिवशी लिहिलेल्या सारांशात तो येणारच नाही. तो पुढच्या भेटीत जोडावा लागतो.

या कागदाची खरी गरज पुढे कधीतरी पडते. पाच वर्षांनी दाढ दुखली आणि दंतवैद्य ती काढायला निघाला, तर जबड्याच्या त्या भागाला किती किरणं मिळाली हे त्याला कळायला हवं. ६० ग्रेच्या आसपास मात्रा मिळालेलं हाड दात काढल्यावर भरून न येता सडू शकतं. त्याच भागाला पुन्हा शेक द्यायची वेळ आली, तरी आधीच्या मात्रेचा हिशेब लागतोच. म्हणून डिस्चार्जच्या वेळी हा कागद मागून घ्यावा, त्यावर रोजची मात्रा, एकूण मात्रा, भाग आणि दोन्ही तारखा आहेत का ते पाहावं, आणि एक प्रत घरी ठेवावी.