बीपी २२०, तरी डॉक्टरांनी इंजेक्शन का दिलं नाही?

गेल्या महिन्यात आमच्या विरारच्या सोसायटीत मोफत तपासणीचं शिबिर होतं. शेजारच्या काकांचं बीपी निघालं २२०/१२०. त्यांना काहीच त्रास नव्हता, डोकंही दुखत नव्हतं. घरच्यांनी धावत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, डोळ्यांचा पडदा पाहिला, लघवी तपासली, रोजची एक गोळी लिहून दिली आणि दोन दिवसांनी बोलावलं. काकांचा मुलगा माझ्यावरच वैतागला, "ताई, तू रक्तप्रवाहावर पीएचडी करतेस ना? दोनशेवीस बीपी आणि साधं इंजेक्शन नाही?"

त्याला दिलेलं उत्तर जरा सविस्तर इथे लिहिते.

टाकीतलं पाणी कमी झालं की नळाची धार बारीक होते. मग आपण काय करतो? नळ थोडा जास्त उघडतो. मेंदूच्या बारीक धमन्या हेच करतात, आणि तेही आपोआप. दाब वाढून भिंत ताणली गेली की तिच्यातला स्नायू आवळतो, दाब घटला की सैल पडतो. ताणाला स्नायू असं उत्तर देतो हे बेलिसने १९०२ मध्ये दाखवलं होतं. याशिवाय रक्त कमी पडलं की आसपासच्या पेशींतून निघणारी रसायनंही धमनी रुंदावतात. या सगळ्याला ऑटोरेग्युलेशन म्हणतात.

बदल किती लहान लागतो बघा. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्यामुळे दाब १०० वरून ८० वर आला तरी धमन्या फक्त सहा टक्के रुंदावल्या की प्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो. तुम्ही आत्ता खुर्चीतून उठलात तर हेच घडेल. उभं असताना डोकं हृदयापेक्षा साधारण ३० सेंटीमीटर वर असतं, म्हणजे दंडावर मोजलेल्या दाबापेक्षा तिथला दाब वीसेक मि.मी. पाऱ्याने कमी. तरी रोज काही आपल्याला चक्कर येत नाही.

मेंदूला एवढी काळजी घ्यावी लागते, कारण त्याच्याकडे साठा नाही. रक्त पूर्ण थांबलं तर सहा-सात सेकंदांत शुद्ध हरपते. हृदयाची अडचण वेगळी आहे. त्याचा स्नायू आराम करत असतानाही रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. त्यामुळे गरज वाढली तर आणखी रक्त आणणं हाच त्याच्यापुढचा मुख्य मार्ग. पण मोठ्या धमनीत चरबीचा अडथळा असेल, तर पुढच्या बारीक धमन्या आधीच रुंदावून बसलेल्या असतात. नळ आधीच पूर्ण उघडा, मग दाब पडल्यावर आणखी काय उघडणार?

आता काकांकडे येऊ. निरोगी माणसात ही सोय सरासरी दाब साधारण ६० ते १५० असेपर्यंत चालते असं पुस्तकं सांगतात. (ती रेघ पुस्तकात दिसते तितकी सपाट नसते, आणि माणसागणिक बदलते.) पण बीपी वर्षानुवर्षं जास्त असेल तर धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि ही पूर्ण पट्टीच वर सरकते. डेन्मार्कच्या स्ट्रँडगार्डने १९७६ मध्ये मोजमापं प्रसिद्ध केली. त्यात खालची मर्यादा निरोगी लोकांत सरासरी ७३ होती, आणि उपचार न घेतलेल्या तीव्र उच्चरक्तदाबाच्या रुग्णांत ११३!

काकांचा सरासरी दाब काढू. खालचा आकडा अधिक दोन आकड्यांतल्या फरकाचा तिसरा भाग: १२० अधिक ३३, म्हणजे १५३. तो झटकन १२०/८० वर आणला असता तर सरासरी ९३ झाली असती. आपल्यासाठी हे अगदी नॉर्मल, पण काकांची मर्यादा ११३ च्या आसपास असेल तर त्यांच्या मेंदूसाठी हा दुष्काळ. अशा वेळी आधी जांभया, गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुढे बोबडी वळू शकते, पक्षाघातही होऊ शकतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची पद्धत एकेकाळी सर्रास होती. दाब किती आणि किती वेगाने पडेल यावर ताबा नसायचा, त्यातून पक्षाघात आणि हार्ट अटॅक झाल्याच्या नोंदी आल्या, आणि १९९६ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ती पद्धत थांबवा असा लेख छापून आला. कुणाच्या घरी अजून कुणी तसा सल्ला देत असेल तर ऐकू नका.

छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, यांतलं काही असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तडक हॉस्पिटल गाठायचं. पण तिथेही, काही ठरावीक आजार सोडले तर, पहिल्या तासात सरासरी दाब पाव हिश्श्यापेक्षा जास्त उतरवत नाहीत. १५३ चा पाव हिस्सा वजा केला की उरतात ११५. वरचा ११३ आठवतोय ना?

काकांना डॉक्टरांनी काही आठवडे दिलेत, कारण औषध चालू राहिलं की ती सरकलेली पट्टीही बऱ्याच जणांत हळूहळू खाली येते. स्ट्रँडगार्डच्या उपचार घेतलेल्या गटात मर्यादा ९६ होती. काल काकांचं बीपी १६८/१०० होतं. गोळी चालू आहे. लोणचं मात्र अजून सुटलेलं नाही.