x + १/x चे किमान मूल्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखादी धन संख्या x आणि तिचा गुणाकार व्यस्त, म्हणजे त्या संख्येने १ ला भागून येणारी संख्या १/x, यांची बेरीज लहानात लहान किती असू शकते, या प्रश्नाचे उत्तर २ असे आहे. x = ४ घेतल्यास बेरीज ४.२५ येते, x = १/४ घेतल्यासही तेवढीच येते आणि x = १ असताना ती नेमकी २ होते. मात्र हे उत्तर कशावरून मिळते आणि ज्या असमानतेने ते मिळते ती कोठवर वापरता येते, याविषयी काही गैरसमज आढळतात.

गैरसमज १ : किमान मूल्य काढण्यासाठी कलनशास्त्र आवश्यकच आहे.

वस्तुस्थिती : येथे एवढेच पुरेसे आहे की कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. x धन असल्यामुळे √x ही वास्तव संख्या असते, म्हणून (√x − १/√x)² ≥ ० हे निश्चित. या वर्गाचा विस्तार करताना √x आणि १/√x यांचा गुणाकार १ होत असल्याने मधले पद −२ येते आणि x − २ + १/x ≥ ०, म्हणजेच x + १/x ≥ २, असे मिळते. कंसातील वजाबाकी शून्य झाली तरच, म्हणजे x = १ असतानाच, समानता येते.

विकलज काढल्यास १ − १/x² = ० यावरून x = १ हा बिंदू सापडतो, परंतु तेथे मूल्य किमान आहे की कमाल, हे विकलजाच्या चिन्हावरून वेगळे तपासावे लागते; असमानता मात्र सर्व धन x साठी एकदमच निर्णय देते. हा विचार कलनशास्त्राहून फार जुना आहे. चार राशी प्रमाणात असतील तर सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान यांची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा मोठी असते, असे युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या पाचव्या खंडातील २५ व्या विधानात सिद्ध केले आहे; x, १, १, १/x या प्रमाणाला ते लावले की x = १ वगळता हीच असमानता हाती येते.

गैरसमज २ : बेरीज २ पेक्षा कमी होत नाही हे सिद्ध झाले की किमान मूल्य २ ठरते.

वस्तुस्थिती : ती बेरीज १ पेक्षाही कमी होत नाही, हे विधानही खरेच आहे, पण म्हणून किमान मूल्य १ ठरत नाही. ज्या संख्येखाली राशी जात नाही ती तिची खालची मर्यादा होय, आणि राशी त्या मर्यादेला प्रत्यक्ष पोहोचली तरच तिला किमान मूल्य म्हणता येते. उदाहरणार्थ, t ही कोणतीही वास्तव संख्या असून x = √(t² + ४) असेल, तर x + १/x ≥ २ हे खरेच राहते, परंतु समानतेसाठी लागणारे x = १ येथे मिळत नाही, कारण x कधीही २ पेक्षा लहान होत नाही. अशा वेळी x + १/x − ५/२ = (x − २)(२x − १)/(२x) असे अवयव पाडले, तर x ≥ २ असताना उजवी बाजू ऋण नसल्याचे दिसते आणि t = ० असताना किमान मूल्य ५/२ मिळते.

गैरसमज ३ : कोणत्याही दोन धन पदांच्या बेरजेला हीच रीत जशीच्या तशी लावता येते.

वस्तुस्थिती : या रीतीचे व्यापक रूप असे, की दोन धन संख्यांचा अंकगणिती मध्य, म्हणजे बेरजेची निमपट, त्यांच्या भूमितीमध्यापेक्षा, म्हणजे गुणाकाराच्या वर्गमुळापेक्षा, लहान नसतो. x आणि १/x यांचा गुणाकार स्थिर असल्यामुळेच त्यातून स्थिर मर्यादा मिळते. x² + १/x या राशीत गुणाकार x येतो, त्यामुळे असमानता x² + १/x ≥ २√x एवढेच सांगते. समानता x = १ ला येते, म्हणून किमान मूल्य २, असा निष्कर्ष येथे काढला तर तो चुकतो, कारण उजवी बाजूही x बरोबर बदलते; x = ०.८ घेतल्यास बेरीज ०.६४ + १.२५ = १.८९, म्हणजे २ पेक्षा कमी भरते.

यावर उपाय म्हणजे १/x चे दोन समान भाग करणे. x², १/(२x) आणि १/(२x) या तीन पदांचा गुणाकार १/४ असा स्थिर असल्याने तीन संख्यांसाठीच्या याच असमानतेवरून बेरीज ३ × ∛(१/४), म्हणजे सुमारे १.८८९९, यापेक्षा कमी होत नाही, आणि तिन्ही पदे समान असताना, म्हणजे x³ = १/२ असताना, ती तेवढीच होते. पदांची अशी विभागणी दर वेळी सहज सुचतेच असे नाही; येथे २x − १/x² हा विकलज शून्य मानला तर x³ = १/२ लगेच मिळते आणि विभागणी कशी करावी हे त्यावरून ठरवता येते.