कपाटात वाळून बसलेले तुपाचे आणि लोण्याचे डाग



दिवाळीत घातलेला सुती झब्बा संक्रांतीला कपाटातून काढावा आणि खिशाच्या खाली रुपयाएवढा पिवळसर, किंचित कडक गोल दिसावा, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. ठेवताना तो डाग दिसत नव्हता, कारण ताजं तूप कापडावर जवळजवळ रंगहीन असतं. पुढे दोन-अडीच महिने हवा लागून त्याचा रंग बदलतो. नाक जवळ नेलं तर खवट वासही येतो. असा डाग निघतो, मात्र ताज्या डागाची रीत त्याला लागू पडत नाही. बेसन किंवा पावडर टाकून झटकायचा उपाय पातळ, ओल्या तुपासाठी आहे. धाग्यात मुरून थिजलेलं तूप पावडर शोषून घेऊ शकत नाही.

तूप आणि लोणी यांचे डाग आपण एकच समजतो. ते तसे नाहीत. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. लोण्यात स्निग्धांश साधारण ८० टक्के, उरलेलं पाणी आणि थोडा दुधाचा भाग. दुधाच्या या भागात प्रथिनं असतात, आणि कढत पाणी लागलं की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी आळून धाग्याला धरून बसतात. म्हणून तुपाला गरम पाणी चालतं, पण लोण्याला आधी गार पाणी आणि मग गरम. पावभाजीच्या रात्रीनंतर टेबलक्लॉथ थेट उकळत्या पाण्यात बुडवला तर चिकटपणा जातो, पण एक फिकट कडा मागे राहते. ती या दुधाच्या भागाची असते.

तूप साधारण ३० ते ४० अंशांच्या दरम्यान विरघळतं. आपल्या बडोद्यात मे महिन्यात बरणीतलं तूप आपोआप पातळ असतं आणि जानेवारीत चमच्याने खरवडावं लागतं. डागाचंही तसंच. थंडीत आधी चमच्याच्या पाठीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने वरचा थर हलकेच खरवडून घ्यावा. जितकं तूप असं निघेल, तितकं साबणाला कमी काम.

आता प्रत्यक्ष एक उदाहरण घेऊ. आमच्याकडे दोन कपडे एकदम निघाले. एक पांढरा सुती झब्बा, त्यावर तुपाचा डाग. दुसरा सासूबाईंनी तरुणपणी स्वतः भरलेला टेबलक्लॉथ, कडेला लाल-निळा कशिदा आणि मध्ये लोण्याचे दोन डाग. झब्बा बिघडला तर दुसरा मिळतो. टेबलक्लॉथ पुन्हा भरून देणारं आता कोणी नाही, म्हणून त्याच्या बाबतीत सगळं सावकाश केलं.

झब्ब्याचा डाग अजिबात ओला न करता त्यावर भांडी घासायचं लिक्विड, पाणी न घालता, छोटा चमचाभर ओतलं. कोरड्या कापडावर का, तर ओल्या कापडात पाणी आधीच धाग्यांमध्ये जागा अडवून बसतं आणि लिक्विड पातळ होतं. त्याचं काम म्हणजे एका टोकाने तूप पकडायचं आणि दुसऱ्याने पाणी, तेव्हा आधी तुपाची गाठ पडू द्यावी. झब्बा उलटा करून मागूनही तेवढंच लावलं. जुन्या मऊ टूथब्रशने बाहेरून आत असं हळू फिरवलं, म्हणजे डाग पसरत नाही. अर्धा तास तसंच ठेवलं. मग हाताला चटका बसणार नाही, पण चांगलं गरम वाटेल अशा पाण्याची धार मागच्या बाजूने सोडली, म्हणजे सुटलेलं तूप आलं त्याच वाटेने परत जातं.

टेबलक्लॉथला हात लावण्यापूर्वी कशिद्याच्या रंगाची परीक्षा केली. दोऱ्याचं एक टोक ओलं करून पांढऱ्या रुमालात दोन मिनिटं दाबून धरलं. रुमालाला लाल छटा आली असती तर गरम पाणी आणि सोडा दोन्ही वर्ज्य झाले असते. छटा आली नाही. तेव्हा डागांचा भाग पंधरा मिनिटं गार पाण्यात भिजवला, दुधाचा भाग सुटला, मग पिळून सावलीत पूर्ण वाळू दिला. त्यानंतर लिक्विड लावलं, पण शेवटची धार कोमटच ठेवली आणि ब्रश कशिद्यावर नेला नाही.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. कापड ओलं असताना तुपाचा डाग दिसत नाही, कारण सगळंच कापड गडद झालेलं असतं. गेला असं वाटतं, इस्त्री फिरते आणि डाग तपकिरी होऊन कायमचा बसतो. इस्त्रीची उष्णता उरलेलं तूप धाग्यात खोल ढकलते आणि त्याचा रंग आणखी बदलवते. म्हणून सावलीत वाळवून, खिडकीसमोर उजेडाकडे धरून पाहावं. डागाच्या जागी कापड जरा अर्धपारदर्शक दिसलं तर तूप अजून आहे. बँकेत रोख जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नसे, इथेही तोच नियम. इस्त्रीला कपडे बाहेर देत असाल तर तपासणी आपल्या घरीच करावी. इस्त्रीवाल्याला आतला डाग दिसत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

झब्ब्यात पहिल्या खेपेला डाग फिका झाला, गेला नाही. दुसऱ्या खेपेला चिकटपणा गेला, पण पिवळी छटा राहिली. ही छटा म्हणजे जुनं झालेल्या तुपाचा रंग, तो साबणाने निघत नाही. त्यासाठी ऑक्सिजन ब्लीचची पूड पाकिटावर दिलेल्या मापाने गरम पाण्यात विरघळवून त्यात झब्बा चार तास बुडवला, तेव्हा तो पांढरा झाला. क्लोरीनचं ब्लीच आम्ही टाळतो, आणि ते घरातल्या ॲसिडच्या क्लीनरमध्ये तर कधीच मिसळू नये, विषारी वायू निघतो. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसायचा जुना उपाय घरात आगीला आमंत्रण आहे.

वरणभाताच्या डागात हळद असते, आणि साबण किंवा सोडा लागताच ती लालसर होते. पाहून घाबरू नका. अल्कलीने हळदीचा रंग बदलतो, स्वच्छ पाण्याने धुतल्यावर तो पुन्हा पिवळा होतो. आधी तूप काढा, मग तो भाग ओला असतानाच कडक उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि आपल्याकडे उन्हाची टंचाई नाही. रंगीत कापडाला मात्र ऊन जपून द्यावं.

पाण्याचं एक सांगायला हवं. अलकापुरीतल्या काही सोसायट्यांत नळाच्या पाण्याबरोबर बोअरचंही पाणी येतं. ते जड असेल तर साध्या साबणाच्या वडीने पांढरट साका बनतो आणि तो डागावर बसतो. पारदर्शक बाटलीत पाणी आणि वडीचा थोडा कीस घालून हलवा. फेस न येता पाणी गढूळ झालं तर पाणी जड आहे. अशा पाण्यात वडीऐवजी लिक्विड किंवा डिटर्जंट वापरावा, त्यांचा साका होत नाही.

सासूबाईंच्या टेबलक्लॉथला तीन खेपा लागल्या. एक डाग पूर्ण गेला. दुसरा कशिद्याला लागून होता, तिथे दोऱ्याखाली नखाएवढी छटा उरली आहे. ऑक्सिजन ब्लीचने ती कदाचित जाईल, पण त्या निळ्या दोऱ्याचा भरवसा वाटत नाही, म्हणून तसंच ठेवलं आहे. फुलदाणी त्या जागी ठेवली की दिसत नाही.