एकाच वर्षाची दोन भाववाढ : ग्राहक किंमत निर्देशांक आणि जीडीपी डिफ्लेटर

प्रस्तावना :

३१ मे २०२४ रोजी जाहीर झालेल्या तात्पुरत्या अंदाजानुसार २०२३-२४ मध्ये भारताचे स्थूल देशांतर्गत उत्पादन चालू किंमतींना ९.६ टक्के, तर स्थिर किंमतींना ८.२ टक्के वाढले. या दोन दरांवरून निघणारी भाववाढ केवळ १.३ टक्के होती. त्याच वर्षी ग्राहक किंमत निर्देशांकानुसार भाववाढ सरासरी ५.४ टक्के होती. एकाच देशात, एकाच वर्षी भाववाढीचे दोन इतके भिन्न दर कसे संभवतात, याचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन मापनांची रचना :

ग्राहक किंमत निर्देशांक एका ठरावीक टोपलीवर आधारलेला असतो. आधारवर्षी कुटुंबे ज्या वस्तू व सेवा ज्या प्रमाणात घेत होती, तेच प्रमाण कायम ठेवून आज त्या टोपलीस किती खर्च येतो, हे पाहिले जाते. डिफ्लेटरमध्ये टोपली ठरलेली नसते. चालू वर्षी देशात जे अंतिम उत्पादन झाले, त्याचे चालू किंमतींना होणारे मूल्य आधारवर्षाच्या किंमतींना होणाऱ्या मूल्याने भागून शंभराने गुणले की डिफ्लेटर मिळतो. म्हणजे पहिल्या मापनात मागील प्रमाण आजच्या किंमतींना सामोरे जाते, तर दुसऱ्यात आजचे प्रमाणच भार ठरवते.

एक काल्पनिक उदाहरण :

जयसिंगपूर परिसराप्रमाणे गूळ आणि निर्यातीसाठी ओतीव यंत्रभाग तयार करणारी, परंतु पामतेल बाहेरून आणणारी एक छोटी अर्थव्यवस्था कल्पावी. आधारवर्षी तेथील कुटुंबे ४० रुपये दराने ६० किलो गूळ आणि १०० रुपये दराने १६ लिटर तेल घेतात. टोपलीचा खर्च ४,००० रुपये होतो. पुढील वर्षी गूळ ४४ रुपये व तेल १३० रुपये झाल्यास त्याच टोपलीस ४,७२० रुपये लागतात. ग्राहकाच्या दृष्टीने भाववाढ १८ टक्के झाली.

आता उत्पादनाची बाजू पाहू. त्या वर्षी ११० किलो गूळ आणि ६० किलो यंत्रभाग तयार झाले. यंत्रभागांचा दर १०० रुपयांवरून ९५ रुपयांवर आला. चालू किंमतींना उत्पादनाचे मूल्य १०,५४० रुपये, आधारवर्षाच्या किंमतींना १०,४०० रुपये. डिफ्लेटर सुमारे १०१.३, म्हणजे भाववाढ १.३ टक्के. तेल या गणनेत आलेच नाही, कारण ते तेथे पिकत नाही. यंत्रभाग टोपलीत आले नाहीत, कारण कोणतेही कुटुंब ते विकत घेत नाही. गणितात कोठेही चूक नसताना दोन उत्तरे मिळाली.

२०२३-२४ मधील तफावतीची कारणे :

२०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. त्यामुळे भाज्या, डाळी व धान्य महागताच निर्देशांक उंचावत असे. दुसऱ्या बाजूस, २०११-१२ आधारवर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्न मालिकेत उद्योगक्षेत्राच्या मूल्यवर्धनाचे स्थिर किंमतींतील रूपांतर मुख्यतः घाऊक किंमत निर्देशांकाच्या साह्याने होत असे, आणि तो निर्देशांक २०२३-२४ मध्ये सरासरी ०.७ टक्क्यांनी घसरला होता. परिणामी डिफ्लेटर खाली राहिला.

येथे एक दोष संभवतो. कच्चा माल स्वस्त झाला आणि तयार मालाची किंमत तेवढी उतरली नाही, तर कारखान्याचे मूल्यवर्धन रुपयांत वाढते. उत्पादन व निविष्टा यांच्या किंमती स्वतंत्रपणे वजा न करता एकाच घसरत्या निर्देशांकाने भागले, तर नफ्यातील ही वाढ प्रत्यक्ष उत्पादनवाढ म्हणून गणली जाते. घाऊक किंमती उतरत असताना वास्तव विकासदर अनपेक्षितपणे उंच दिसणे, ही त्याची खूण होय.

मर्यादा :

ठरावीक टोपली कालबाह्य होते. २०११-१२ मध्ये ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ५३ टक्के होता, तो २०२२-२३ च्या पाहणीत सुमारे ४६ टक्क्यांवर आला. तरी त्या काळात निर्देशांकाचे भार जुनेच राहिले. डिफ्लेटरचे भार आपोआप बदलतात, परंतु त्याचे आकडे उशिरा येतात व सुधारले जातात. २०२३-२४ ची वाढ फेब्रुवारी २०२५ मध्ये चालू किंमतींना १२.० व स्थिर किंमतींना ९.२ टक्के ठरली, म्हणजे डिफ्लेटरची भाववाढ सुमारे २.६ टक्के, आधीच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट.

निष्कर्ष :

प्राध्यापकांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला आहे, आणि ते योग्यच आहे. वेतन तेल-डाळीवर खर्च होते, यंत्रभागांवर नव्हे. तो डिफ्लेटरशी जोडला असता तर २०२३-२४ सारख्या वर्षी वेतनाची क्रयशक्ती घटली असती. उलट, देशाचे एकूण उत्पादन प्रत्यक्षात किती वाढले हे ठरविण्यास कुटुंबाची टोपली अपुरी आहे. म्हणून भाववाढीचा दर वाचताना तो कोणाच्या खर्चाचा किंवा कोणत्या उत्पादनाचा आहे, हे प्रथम पाहावे लागते.